बचत खात्यातील काही रक्कम अडकली असेल तर: लियन आणि अंशतः गोठवणुकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खात्यात पैसे दिसतात, पण वापरता येत नाहीत, अशा आशयाचे प्रश्न आमच्याकडे सतत येत असतात. त्यांपैकी बहुतेक प्रश्न सायबर फसवणुकीच्या तक्रारीवरून लावलेल्या लियनचे असतात, म्हणून या पानावर त्याच प्रकाराला जास्त जागा दिली आहे आणि इतर प्रकार थोडक्यात घेतले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही; तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या खात्यात ४८,२०० रुपये आहेत, पण ‘उपलब्ध शिल्लक’ ४१,७०० रुपयेच दिसते. उरलेले पैसे कोणी काढले का?

पैसे कोणीही काढलेले नाहीत. बँकेने आपल्या खात्यातील ६,५०० रुपयांवर लियन लावले आहे, म्हणजे ती रक्कम आपल्याच नावावर आणि आपल्याच खात्यात आहे, परंतु लियन उठेपर्यंत ती काढता, पाठवता किंवा हप्त्यासाठी वापरता येणार नाही. बँकेची संगणकप्रणाली एकूण शिलकेतून लियनची रक्कम वजा करते आणि उरलेली रक्कम ‘उपलब्ध’ म्हणून दाखवते. एटीएम, यूपीआय, धनादेश आणि हप्त्याची वसुली हे सर्व व्यवहार या दुसऱ्या आकड्यावरच ठरतात.

लियन हा व्यवहार नसल्यामुळे त्याची नोंद पासबुकात उमटत नाही. पासबुक भरून आणले आणि त्यात काहीच वावगे दिसले नाही, म्हणून गोंधळलेले खातेदार वारंवार भेटतात. याउलट पासबुकात रक्कम नावे पडल्याची स्पष्ट ओळ असेल, तर ते लियन नाही. पैसे खात्यातून बाहेर गेलेले आहेत किंवा बँकेने ते स्वतःच्या वेगळ्या खात्यात वळवून ठेवले आहेत. अशा वेळी त्या नोंदीचा खुलासा बँकेकडे लेखी मागावा.

२. लियन, ‘डेबिट फ्रीझ’ आणि पूर्ण गोठवलेले खाते यांत फरक काय?

लियन ठरावीक रकमेपुरते असते आणि बाकीचे खाते नेहमीप्रमाणे चालते. डेबिट फ्रीझमध्ये पैसे जमा होतात, परंतु एक रुपयाही काढता येत नाही. केवायसीची कागदपत्रे वेळेत न दिल्यास बहुधा याच प्रकाराला सामोरे जावे लागते. खाते पूर्ण गोठवले असेल, तर जमाही होत नाही आणि पाठवलेली रक्कम पाठवणाऱ्याकडे परत जाते. ‘अंशतः गोठवणूक’ हे शब्द काही शाखा पहिल्या प्रकारासाठी वापरतात, तर काही दुसऱ्यासाठी. म्हणून शाखेत केवळ शब्दावर न जाता दोनच गोष्टी विचाराव्यात: किती रक्कम अडवली आहे, आणि त्या रकमेच्या वरचे पैसे काढता येतात का?

३. बँक लियन कोणत्या कारणांनी लावते?

सर्वांत साधे कारण आपण स्वतःच दिलेले असते. शेअर बाजारातील प्राथमिक विक्रीसाठी अर्ज केला की अर्जाची रक्कम खात्यातच अडवली जाते. शेअर मिळाले तर ती वळती होते, न मिळाल्यास मोकळी होते. दुसरे कारण म्हणजे बँकेचे स्वतःचे येणे. हप्ता परत गेल्याचे शुल्क समजा ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये झाले, आणि त्या दिवशी खाते रिकामे असेल, तर बँक तेवढ्या रकमेची नोंद करून ठेवते आणि पुढची जमा आली की वसूल करते. तिसरे कारण म्हणजे प्राप्तिकर किंवा जीएसटी विभागाची वसुलीची नोटीस अथवा दिवाणी न्यायालयाचा जप्तीचा आदेश. चौथे, आणि सध्या सर्वाधिक त्रासाचे कारण म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार.

रक्कम पाहूनही काही अंदाज बांधता येतो. अर्जाच्या रकमेइतकेच लियन असेल तर ते शेअरचे, ५९० किंवा २३६ अशी जीएसटी धरलेली आकडेवारी असेल तर शुल्काचे, आणि एखाद्या अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या जमेइतकेच नेमके असेल तर सायबर तक्रारीचे असण्याची शक्यता मोठी असते.

४. मी कोणाचीही फसवणूक केली नाही. मग सायबर तक्रारीत माझे खाते कसे आले?

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका खातेदाराने ऑनलाइन जाहिरात देऊन जुना फ्रिज ६,५०० रुपयांना विकला. घेणाऱ्याने टेम्पो पाठवला, पैसे यूपीआयने आले, फ्रिज गेला. ते पैसे मात्र दुसऱ्या राज्यातील कोणाची तरी फसवणूक करून मिळवलेल्या १,८५,००० रुपयांतील होते. फसवणूक झालेल्या व्यक्तीने १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली की तिला पोचपावती क्रमांक मिळतो, आणि तिच्या बँकेला पैसे पुढे कोणत्या खात्यात गेले हे यंत्रणेत भरावे लागते. ज्या बँकेत ते गेले ती बँक पुढचा टप्पा भरते, तिच्यापुढची बँक त्याच्या पुढचा. या टप्प्यांना बँकेत ‘लेअर’ म्हणतात. प्रत्येक टप्प्यावर जी रक्कम खात्यात सापडेल ती अडवली जाते.

फ्रिज विकणारा खातेदार या साखळीत तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर असतो. या टप्प्यावर तो आरोपी आहे असे कोणी ठरवलेले नसते; पैशांचा माग त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो, एवढेच. परंतु हे लियन गुन्हा दाखल होण्यापूर्वी, केवळ तक्रारीवरूनही लागू शकते, म्हणून ते अचानक समोर येते.

५. बँक म्हणते, ‘वरून आदेश आहे, आम्ही काही करू शकत नाही.’ मी पहिले पाऊल कोणते उचलावे?

शाखेचे म्हणणे अर्धे खरे असते. लियन उठवण्याचा अधिकार शाखेला नाही, पण ते कोणामुळे लागले हे सांगणे तिला शक्य आहे, आणि पुढील प्रत्येक गोष्ट त्या माहितीवरच अवलंबून असते. म्हणून तोंडी विचारपूस करून घरी परतू नये. शाखेला अर्ज देऊन पुढील तपशील मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कोणत्या राज्याचे कोणते पोलीस ठाणे, तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल, वादग्रस्त जमेची तारीख, रक्कम आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळखक्रमांक, आणि पोलिसांनी कोणत्या कलमाखाली लिहिले आहे, हे सर्व त्या अर्जात विचारावे.

शेवटचा मुद्दा सहसा कोणी विचारत नाही, आणि नेमका तोच उपयोगी पडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस कागदपत्रे सादर करण्यासाठी असते, त्या कलमात रक्कम अडवण्याचा अधिकार नाही. मालमत्ता ताब्यात घेण्याचा पोलिसांचा अधिकार कलम १०६ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये आहे. बँक खाते ही अशी ‘मालमत्ता’ ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध तपस निओगी या निकालात सांगितले आहे. परंतु कलम १०६ वापरल्यास पोलिसांनी संबंधित दंडाधिकाऱ्यांना त्वरित कळवणे बंधनकारक आहे. गुन्ह्यातून मिळालेल्या पैशांच्या जप्तीसाठी कलम १०७ वेगळे असून त्यात न्यायालयाचा आदेश लागतो. कोणत्या प्रसंगी कोणते कलम लागू होते याविषयी उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत.

६. तपास अधिकाऱ्याला काय लिहावे आणि सोबत काय जोडावे?

पत्र एक पानापेक्षा मोठे नसावे. त्यात तक्रारीचा क्रमांक, आपले खाते, यूटीआर क्रमांक आणि ती रक्कम आपल्याला कशाबद्दल मिळाली हे तारखांसह लिहावे. भावना, आर्थिक अडचण आणि बँकेविषयीची नाराजी यांना या पत्रात जागा देऊ नये. अधिकाऱ्याला एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे या रकमेच्या बदल्यात खरोखर काही दिले गेले का.

प्रश्न ४ मधील खातेदाराकडे बिलाचे पुस्तक नाही, कारण तो दुकानदार नाही. त्याने फ्रिजच्या मूळ खरेदीची पावती, जाहिरातीचे आणि घेणाऱ्याशी झालेल्या संवादाचे स्क्रीनशॉट, टेम्पोचालकाचा क्रमांक असलेला संदेश आणि ती जमा दिसेल असा खातेउतारा जोडावा. संवादाचे स्क्रीनशॉट कापून देऊ नयेत. क्रमांक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. खातेउतारा मागील काही महिन्यांचा असावा, म्हणजे अनोळखी लोकांकडून पैसे येऊन लगेच पुढे जाण्याचा प्रकार या खात्यात नाही, हे त्यातूनच दिसते. सोबत ओळखपत्राची प्रत द्यावी आणि तिच्यावर ‘फक्त अमुक तक्रारीसाठी’ असे आडवे लिहावे.

हे सर्व अधिकृत ईमेलवर पाठवून तीच कागदपत्रे स्पीड पोस्टानेही पाठवावीत, आणि एक प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला द्यावी. अधिकाऱ्याचे समाधान झाल्यास तो बँकेला ना-हरकत कळवतो आणि बँक लियन उठवते. ना-हरकत आपल्याला आली पण बँकेला पोहोचलीच नाही, असे घडते, त्यामुळे तिची प्रत शाखेत स्वतः नेऊन द्यावी. तरीही बँक ती थेट पोलिसांच्या अधिकृत ईमेलवरून येण्याची वाट पाहील, आणि ते योग्यच आहे, कारण बनावट ना-हरकत पत्रेही फिरत असतात.

७. परराज्यातील पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष जावे लागेल का?

रक्कम लहान आणि कागदपत्रे स्वच्छ असतील, तर ईमेलवरही काम होते. अधिकाऱ्याने हजर राहण्याची लेखी नोटीस दिली, तर मात्र तिची दखल घ्यावीच लागते. प्रवास शक्य नसल्यास तसे लेखी कळवून दूरदृश्य पद्धतीने जबाब देण्याची तयारी दाखवावी. परदेशात राहणाऱ्यांच्या भारतातील खात्यांनाही हाच मार्ग आहे, फक्त बँकेत नोंदलेल्या ईमेलवरूनच पत्रव्यवहार करावा.

८. मला ६,५०० रुपये आले होते, पण लियन १,८५,००० रुपयांचे आहे. असे कसे?

फसवणुकीची संपूर्ण रक्कम चुकून आपल्या खात्यावर टाकली गेली, तर असे होते, आणि याचे परिणाम वेगळे असतात. लियन शिलकेपेक्षा मोठे असू शकते. खात्यात ३४,२०० रुपये असतील, तर उपलब्ध शिल्लक उणे १,५०,८०० दिसेल; त्यानंतर ३२,००० रुपये पगार जमा झाला, तरी ती उणे १,१८,८०० होईल आणि पगारातील एक रुपयाही हाती लागणार नाही. वाचकांना हा उणे आकडा कर्जासारखा वाटतो, पण तसे नाही. आपण बँकेचे देणे लागत नाही आणि त्या आकड्यावर व्याजही लागत नाही.

येथे मागणी निराळी करावी. लियन पूर्ण उठवा असे न लिहिता, ते वादग्रस्त जमेइतके, म्हणजे ६,५०० रुपयांपुरते मर्यादित करा, असे बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला यूटीआर क्रमांकासह लिहावे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत गोठवणूक पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतीच ठेवण्यास बँकांना सांगितले होते. निर्दोषत्व सिद्ध होण्यास वेळ लागतो, पण आकड्याची चूक दाखवणे सोपे असते, म्हणून ही मागणी आधी करावी, असे आमचे मत आहे.

९. लियन असताना पगार, हप्ते आणि यूपीआय चालू राहतात का?

लियन शिलकेपेक्षा कमी असेल, तर चालू राहतात, पण हिशेब उपलब्ध शिलकेवर ठेवावा लागतो. प्रश्न १ मधील खात्यातून ५ तारखेला १४,००० रुपयांचा हप्ता गेला; एकूण शिल्लक ३४,२०० आणि उपलब्ध २७,७०० राहिली. १० तारखेला ३०,००० रुपयांचा धनादेश आला. पासबुकानुसार पैसे होते, तरी धनादेश परत गेला.

अशा वेळी धनादेश घेणाऱ्याला दुसऱ्या खात्यातून लगेच पैसे द्यावेत. त्याने बँकेकडून परतीची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस दिली, तर आपल्याला ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती करता येते, आणि तसे केल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा खटला उभा राहत नाही. लियनमुळे धनादेश परत गेला हा बचाव न्यायालयात मांडता येतो, पण त्यावर विसंबून १५ दिवस जाऊ देऊ नयेत. लियन मोठे असेल, तर हप्त्यांची सूचना दुसऱ्या बँकेतील खात्यावर हलवावी आणि पगारासाठी तेच खाते कार्यालयात कळवावे.

१०. अडकलेल्या रकमेवर व्याज मिळते का? किमान शिलकेत ती धरतात का?

रक्कम खात्यात असेपर्यंत व्याज मिळते. बचत खात्याचे व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर काढले जाते, आणि त्या शिलकेत लियनची रक्कम असतेच. किमान शिल्लक मोजताना बँका सामान्यतः एकूण शिल्लकच धरतात. आपल्या बँकेने तसे न करता शुल्क लावले असेल, तर नियमाची प्रत मागावी. किमान शिलकेच्या शुल्कामुळे खाते उणे होऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

११. ज्याची फसवणूक झाली त्याचा फोन आला. मी पैसे परत केले तर लियन उठेल का?

आपोआप उठणार नाही, आणि पैसे दुप्पट जाण्याचा धोका आहे. आपण ६,५०० रुपये दुसऱ्या खात्यातून पाठवले, तरी अडवलेले ६,५०० रुपये तसेच राहतात, आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने तेही तक्रारदाराला दिले जाऊ शकतात. फोन करणारी व्यक्ती खरोखर तक्रारदार आहे, हेही आपल्याला फोनवरून कळत नाही. रक्कम सोडून देण्याची तयारी असेल, तर ती अडवलेल्या रकमेतूनच वळती करण्यास आपली हरकत नाही, असे तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावे. आपली बाजू खरी असताना केवळ कंटाळून हे करावे का, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. ६,५०० रुपयांसाठी काही जण करतात, आणि त्यांना आम्ही चूक म्हणत नाही.

‘शुल्क द्या, दोन दिवसांत लियन काढून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थांना मात्र पैसे देऊ नयेत. लियन उठवण्यासाठी बँकेत किंवा पोलीस ठाण्यात असे कोणतेही शुल्क नसते.

१२. पोलिसांकडून उत्तरच येत नाही. पुढे कोठे जावे?

कोणाची चूक आहे, त्यावर हे ठरते. बँक लियनचा तपशील देत नसेल, सांगितल्यापेक्षा जास्त रक्कम अडवली असेल, किंवा ना-हरकत येऊनही लियन उठवत नसेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करावी; ३० दिवसांत समाधान न झाल्यास cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. पोलिसांचा निर्णय योग्य की अयोग्य, हे मात्र लोकपाल ठरवत नाहीत, आणि अशा तक्रारींवर वेळ घालवलेले वाचक आम्ही पाहिले आहेत.

पोलीसच प्रतिसाद देत नसतील, तर दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, म्हणजे जुन्या कलम ४५७ खाली, रक्कम मोकळी करण्याचा अर्ज करता येतो. ज्या ठाण्यात तक्रार आहे तेथील न्यायालय यासाठी लागते, त्यामुळे परराज्यात स्थानिक वकील नेमणे आलेच. न्यायालय काही वेळा बंधपत्र घेऊन रक्कम वापरू देते, म्हणजे पुढे आदेश झाल्यास ती परत भरण्याची हमी द्यावी लागते. लियन बेकायदा आहे असाच मुद्दा असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग उरतो. मोठी रक्कम किंवा संपूर्ण खाते अडकल्याशिवाय तो खर्चाला परवडत नाही.

१३. लियन एकदा उठले आणि पुन्हा लागले. हे चालते का?

दुसरी तक्रार असेल, तर चालते. एकाच खात्यात दोन वेगवेगळ्या जमा वादग्रस्त असू शकतात, किंवा एकाच जमेवर दोन ठाण्यांनी लिहिलेले असू शकते. म्हणून दुसऱ्या वेळी प्रश्न ५ मधील अर्ज नव्याने द्यावा आणि दोन्ही वेळचे यूटीआर क्रमांक ताडून पाहावेत. क्रमांक तोच निघाला, तर आधीच्या ना-हरकतीची प्रत जोडून दुसऱ्या अधिकाऱ्याला लिहावे.

१४. खाते संयुक्त असेल, किंवा खातेदाराचे निधन झाले असेल तर?

संयुक्त खात्यातील रकमेवर लागलेले लियन दोघांनाही अडवते, मग वादग्रस्त जमा कोणाच्याही व्यवहाराची असो. बँकेच्या स्वतःच्या येण्याबाबत स्थिती वेगळी आहे: एकट्या पतीने घेतलेल्या कर्जासाठी पती-पत्नीच्या संयुक्त खात्यातील पैशांवर बँक सहसा हक्क सांगू शकत नाही, मात्र कर्जाच्या करारात दोघांनी तशी संमती दिली आहे का, हे पाहावे.

खातेदाराच्या निधनानंतरही लियन कायम राहते. नामनिर्देशित व्यक्तीला उरलेली रक्कम मिळू शकते, आणि लियनच्या रकमेसाठी प्रश्न ६ मधील पत्र वारसांना मृत्यूच्या दाखल्यासह द्यावे लागते.

१५. पेन्शनच्या खात्यावर लियन लावता येते का?

दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी सरकारी पेन्शनला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे, आणि तशी जप्ती झाली असल्यास न्यायालयाच्या ते निदर्शनास आणावे. सायबर तक्रारीवरील लियन ही वसुली नाही, त्यामुळे तेथे हे कलम थेट उपयोगी पडत नाही. मात्र अडवलेली रक्कम पेन्शनची आहे, वादग्रस्त जमेची नाही, हे खातेउताऱ्यावरून दाखवता आले, तर प्रश्न ८ मध्ये सांगितलेली मर्यादेची मागणी भक्कम होते.

१६. लियन असताना खाते बंद करता येईल का?

नाही. लियन उठेपर्यंत बँक खाते बंद करत नाही. उपलब्ध शिल्लक दुसरीकडे नेण्यास हरकत नसते, पण खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल चालू ठेवावा, कारण पोलिसांची नोटीस आणि लियन उठल्याची सूचना त्याच पत्त्यांवर येते.